सुरतेच्या काठावरून: इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगची पन्नास वर्षं

मगदल्ल्याच्या जेट्टीला कोळशाचं जहाज लागलं की बहुतेकांची नजर क्रेनकडे जाते. जहाजाच्या बरोबर मध्यावर, पाण्याच्या थोडं वर रंगवलेलं एक वर्तुळ मात्र फारसं कोणी पाहत नाही. तीनशे मिलिमीटर व्यासाचं ते वर्तुळ, त्याला आरपार छेदणारी आडवी रेघ, आणि रेघेच्या दोन बाजूंना एकेक रोमन अक्षर. जहाज किती बुडू द्यायचं याची ती खूण. रेघेची वरची कड पाण्याखाली गेली तर जहाज वाजवीपेक्षा जास्त भरलं, असा त्याचा सरळ अर्थ. शेजारी शिडीसारख्या आणखी काही रेघा असतात: उष्ण समुद्रासाठी वेगळी, गोड्या पाण्यासाठी वेगळी. तापीच्या मुखातलं पाणी समुद्राइतकं खारं नसल्यामुळे इथे भरलेलं जहाज थोडं जास्त बुडतं आणि खाडीबाहेर खाऱ्या पाण्यात गेलं की वर येतं. तेवढी सूट हिशेबात धरायची असते.

त्या दोन अक्षरांत ‘आय’ आणि ‘आर’ दिसले, तर ती रेघ कुठे मारायची हे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगने, म्हणजे आयआरएसने, ठरवलेलं असतं. ‘एल आर’ म्हणजे लंडनचं लॉइड्स रजिस्टर, ‘बी व्ही’ म्हणजे फ्रेंच ब्युरो व्हेरितास, ‘ए बी’ म्हणजे अमेरिकन ब्युरो. या संस्थांना जहाजाच्या धंद्यात नुसतं ‘क्लास’ म्हणतात. “क्लासवाले आलेत” म्हटलं की चीफ इंजिनिअरपासून भांडाऱ्यापर्यंत सगळ्यांना समजतं. १९७५ साली स्थापन झालेली आपली भारतीय क्लास आता पन्नाशीची झाली. तिचं मुख्यालय मुंबईत पवईला आहे. पण तिचं काम काय चालतं ते समजून घ्यायला सुरत-हजिऱ्यासारखी जागा नाही, कारण जहाज बांधणं, चालवणं, झिजणं आणि दुरुस्त होणं हे सगळं या एका खाडीच्या काठाने पाहिलेलं आहे.

क्लासची कल्पना विमेवाल्यांच्या गरजेतून आली. जहाज न पाहता त्याच्यावर पैज लावायची, म्हणजे कोणीतरी ते आपल्यासाठी पाहून यायला हवं. लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात बसणाऱ्या विमेकऱ्यांनी १७६० साली त्यासाठी सोसायटी काढली आणि जहाजांची नोंदवही छापायला घेतली. जहाजाच्या सांगाड्याला अक्षर आणि नांगर-दोरखंडांना आकडा अशी प्रतवारी त्यात पुढे रूढ झाली. उत्तम जहाज ‘ए वन’. पुढे लाकूड कोणतं यावरून ही प्रत किती वर्षं टिकेल ते ठरू लागलं, आणि त्या यादीत इंग्लिश ओकच्या बरोबरीने सागाचा मान वरचा होता. हा साग घडवणारे हात मूळचे इथले. लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचा कारागीर १७३६ मध्ये मुंबईच्या गोदीत बोलावला गेला, आणि त्याच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षं तिथे जहाजं बांधली. जहाज इथल्या हातांचं, लाकूड इथल्या रानातलं, पण त्याची प्रत लंडनच्या वहीत. ही विभागणी फार काळ टिकली.

५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं. आपण तो दिवस सागरी दिन म्हणून पाळतो. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी उभी केलेली ती स्वदेशी कंपनी. पण कंपनी स्वदेशी झाली तरी तिच्या जहाजाची प्रत ठरवणारी भारतीय संस्था नव्हती. स्वातंत्र्यानंतर भारतीय तांडा वाढत गेला, तरी प्रत्येक जहाजाच्या क्लासचं दप्तर लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, नाहीतर ओस्लोत. प्रत्येक नकाशाची मंजुरी, प्रत्येक तपासणीची फी परकीय चलनात, आणि नियम लिहिणाऱ्या समितीत आपलं कोणी नाही. १९७५ मध्ये आयआरएस स्थापन झाली ती नफा न वाटणारी कंपनी म्हणून, कंपनी कायद्याच्या पंचविसाव्या कलमाखाली. जे काही उरेल ते संस्थेतच राहायचं. मला यातली ही तरतूद सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ज्याला जहाज नापास करायचं आहे त्याला भागधारकांच्या लाभांशाची चिंता असून चालत नाही.

संस्थेने आपली स्वतःची खूणही निवडली. लॉइड्सने आपल्या देखरेखीखाली बांधलेल्या जहाजांसाठी माल्टीज क्रॉस वापरला होता. आयआरएसने त्या जागी स्वस्तिक घेतलं. जहाजाच्या क्लासच्या ओळीत स्वस्तिक, मग सांगाड्यासाठी ‘एसयूएल’ आणि यंत्रसामग्रीसाठी ‘आयवाय’. टग असेल तर टग, ड्रेजर असेल तर ड्रेजर, असं पुढे जोडलं जातं. गोदीतल्या निविदांत या ओळी वाचायची सवय झाली की जहाज न पाहताही त्याच्याबद्दल बरंच कळतं.

नावाला मान मिळायला मात्र वेळ लागला. विमा कंपन्या कोणत्या क्लासचं जहाज स्वीकारायचं याची यादी ठेवतात आणि त्या यादीवर मुख्यतः आयएसीएस या जागतिक संघटनेचे सदस्य असतात. ही संघटना १९६८ ची. आयआरएस तिची सहसदस्य झाली १९९१ मध्ये आणि पूर्ण सदस्य झाली थेट २०१० मध्ये. त्या मधल्या काळात परदेशी जाणारी बरीच भारतीय जहाजं दुहेरी क्लासमध्ये असत: एक आयआरएसचं प्रमाणपत्र, एक लॉइड्स किंवा दुसऱ्या कोणाचं. मालकाला ही कटकट वाटे आणि खर्चही. पण याच काळात आपल्या सर्व्हेअरना जुन्या संस्थांच्या माणसांबरोबर एकाच टाकीत उतरायला मिळालं, आणि हे काम पुस्तकातून शिकण्यासारखं नाहीच.

सुरतेत या काळात वेगळंच चाललं होतं. मगदल्ल्याचं शिपयार्ड १९८५ मध्ये एबीजी कंपनीच्या हाती गेलं आणि पुढच्या पाव शतकात तिथून दीडशेहून अधिक जहाजं पाण्यात उतरली. तटरक्षक दलाचं प्रदूषण नियंत्रण जहाज ‘समुद्र प्रहरी’ त्यातलंच, २०१० मध्ये सेवेत आलेलं. पलीकडे हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोने तटरक्षक दलाच्या वेगवान गस्ती नौका बांधल्या. यार्डात क्लासचा सर्व्हेअर जहाजाच्या जन्माआधीपासून असतो. नकाशे मंजूर व्हायचे, पोलादाची प्रत्येक प्लेट कोणत्या भट्टीची आणि कोणत्या ताकदीची याचा दाखला जुळवायचा, वेल्डरची परीक्षा घ्यायची, महत्त्वाचे जोड क्ष-किरणांनी तपासायचे, टाक्यांत पाणी भरून दाब द्यायचा, शेवटी समुद्रावर चाचणी. तोवर जहाजाला क्लास नाही, आणि क्लास नसताना जहाज म्हणजे नुसतं तरंगतं पोलाद. मगदल्ल्याचं ते यार्ड कर्जात बुडालं आणि २०१९ मध्ये त्याच्या अवसायनाचा आदेश निघाला. तिथे बांधलेल्या जहाजांच्या प्लेटींचे दाखले मात्र ज्या त्या क्लासच्या दप्तरात राहिले. पंधरा वर्षांनी एखादी प्लेट बदलायची वेळ येते तेव्हा मूळ जाडी किती होती हे विचारायला यार्ड नसतं. तेव्हा ते दप्तरच उघडावं लागतं.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. जहाजाच्या कप्तानाच्या केबिनमधल्या फाइलीत वीसहून अधिक प्रमाणपत्रं असतात, आणि ती सगळी क्लासची नसतात. क्लासचं प्रमाणपत्र सांगतं की सांगाडा आणि यंत्रं या संस्थेच्या नियमांत बसतात. बाकीची सरकारची असतात, म्हणजे ज्या देशाचा झेंडा त्या सरकारची. बुडण्याच्या रेघेचं एक, बांधणीच्या सुरक्षेचं एक, जीवरक्षक नौका व अग्निशमन साधनांचं एक, रेडिओचं एक. तेल समुद्रात न सोडण्याचं, धुराचं, सांडपाण्याचं, बॅलास्टच्या पाण्याचं प्रत्येकी एक. कंपनीच्या व्यवस्थापनाचं, जहाजाच्या सुरक्षाव्यवस्थेचं, खलाशांच्या राहण्याखाण्याचं वेगळं. आकारमानाच्या मापाचं म्हणजे टनेजचं एक, आणि ते सहसा जन्मभर पुरतं. सरकारकडे एवढे तपासनीस कुठून असणार? म्हणून डीजी शिपिंग यातली बरीच कामं क्लासकडे सोपवते. एकच सर्व्हेअर सकाळी क्लासचा म्हणून टाकीत उतरतो आणि दुपारी सरकारच्या वतीने जीवरक्षक नौका पाण्यात सोडून पाहतो. कागद दोन, माणूस एक. त्यामुळे क्लास निलंबित झाला की बाकीची पानंही एकामागोमाग निकामी होतात, विमा थांबतो आणि बंदरातून बाहेर पडणं बंद होतं.

हा सगळा फेरा पाच वर्षांचा आहे. २००० सालापासून क्लासच्या आणि सरकारी तपासण्यांच्या तारखा एकत्र बसवल्या गेल्या. त्यापूर्वी प्रत्येक कागदाची मुदत वेगळी, आणि चीफ ऑफिसरचं निम्मं आयुष्य तारखा सांभाळण्यात जायचं. उदाहरणादाखल एक जहाज धरू. २०११ मध्ये मगदल्ल्याला बांधलेलं, किनारपट्टीवर कोळसा आणि पोलादी कॉइल वाहणारं. त्याच्या क्लासची मुदत ९ मार्च २०२६ ला संपते. म्हणजे दरवर्षी ९ मार्च ही त्याची तारीख, आणि वार्षिक तपासणी त्या तारखेच्या आधी तीन महिने ते नंतर तीन महिने या खिडकीत व्हायला हवी. खिडकी चुकली तर क्लास निलंबित होतो, त्यात रदबदली चालत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी मधली तपासणी, थोडी खोल. पाच वर्षांत तळ दोनदा सुका करून पाहायचा आणि दोन पाहण्यांत छत्तीस महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. पाचव्या वर्षी मोठी तपासणी. ती मुदतीआधीच्या तीन महिन्यांत पूर्ण केली तर नवी पाच वर्षं जुन्या मुदतीपासूनच मोजतात, म्हणजे लवकर आलेल्याचे दिवस कापले जात नाहीत. ही सवलत मुद्दाम दिलेली आहे. नाहीतर प्रत्येक मालक शेवटच्या दिवसापर्यंत थांबला असता.

आपलं जहाज आता तिसऱ्या मोठ्या तपासणीला, पंधराव्या वर्षी, सुक्या गोदीत चढलंय. खंभातच्या आखातातलं गढूळ पाणी आणि सहा-सात मीटरची भरती-ओहोटी, यात चालणाऱ्या जहाजाचा तळ पाहिला की कळतं की इथे गाळ घासपेपरचं काम करतो. सुकाणूच्या धारा, पंख्याची टोकं, पाणी आत घेणाऱ्या सी चेस्टच्या जाळ्या यांवरचा रंग उडून पोलाद चकचकीत दिसतं. पंख्याचा दांडा ज्या बेअरिंगमध्ये फिरतो तिथली फट मोजली जाते. गाळ आत शिरला असेल तर ती वाढलेली सापडते. नांगराची साखळी गोदीच्या तळावर पसरून कड्यांची जाडी मोजतात. मूळच्या व्यासापेक्षा सरासरी बारा टक्क्यांहून जास्त झिजली तर तेवढी साखळी बदलायची. पन्नास मिलिमीटरची कडी चव्वेचाळीसच्या खाली गेली की तिची नोकरी संपली.

खरं काम पोटात असतं. जाडी मोजणारी टोळी ही क्लासने मान्यता दिलेल्या वेगळ्या कंपनीची. हातात ध्वनिलहरींचं यंत्र घेऊन प्लेटमागून प्लेट मोजायची आणि जहाजाच्या आडव्या छेदांतलं सगळं पोलाद कागदावर उतरवायचं. समजा बॅलास्ट टाकीची एक प्लेट मूळची १२ मिलिमीटर. त्या जागी वीस टक्के झीज चालते असं धरू. म्हणजे २.४ मिलिमीटर गमावले की प्लेट कापून नवी बसवायची, ९.६ ही तिची शेवटची पायरी. पण सर्व्हेअर त्या पायरीची वाट पाहत नाही. चालणाऱ्या झिजेतली तीन चतुर्थांश, म्हणजे १.८ मिलिमीटर संपली, प्लेट १०.२ च्या खाली आली, की तिला ‘भरीव गंज’ म्हणून नोंदवतात. तिथून पुढे त्या जागेची जास्त बिंदूंवर मोजणी आणि दरवर्षी फेरतपासणी. आकडे ही मोजमापाची बाजू झाली. दुसरी बाजू डोळ्याची. रंग चांगला, बरा की वाईट ही प्रत सर्व्हेअर टॉर्चच्या उजेडात ठरवतो. वाईट ठरला तर त्या टाकीत दरवर्षी उतरावं लागतं, म्हणून मालकाचा माणूस ‘वाईट’ हा शब्द टाळायला जिवाचं रान करतो. फ्रेमच्या टोकांशी, ब्रॅकेटच्या कोपऱ्यात, जिथे वेल्ड संपतं तिथे केसासारखा तडा शोधायचा. तिथे गंजाचा बारीक तांबूस ओघळ दिसला तर आत चीर आहे असं समजून हातोडी लावायची. होल्डच्या झाकणांवर पाण्याचा फवारा मारून गळती पाहायची. हजिऱ्याहून निघणाऱ्या कॉइलवर खारं पाणी पडलं तर मालाचा दावा लाखोंत जातो.

सगळं आटोपलं की काय दुरुस्त झालं आणि काय राहिलं याची नोंद होते. जे लगेच करता येत नाही पण जहाजाला तातडीचा धोका नाही, त्यावर ‘कंडिशन ऑफ क्लास’ लागते आणि तारीख पडते. तारखेपर्यंत काम झालं नाही तर क्लास थांबतो. जहाज भाड्याने घेणारा हुशार असेल तर प्रमाणपत्र पाहण्याआधी तो या अटींची यादी मागतो. प्रमाणपत्र सगळ्यांचंच स्वच्छ दिसतं.

ही व्यवस्था कुठे फसते याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फ्रान्सच्या किनाऱ्यावर घडलं. ‘एरिका’ हे टँकर, १९७५ मध्ये जपानमध्ये बांधलेलं, १२ डिसेंबर १९९९ रोजी ब्रिटनीजवळ वादळात दोन तुकडे होऊन बुडालं. पोटात सुमारे ३१ हजार टन जड इंधन तेल होतं. कागद चालू होते. झेंडा माल्टाचा आणि क्लास इटालियन ‘रिना’ची. त्यापूर्वी १९९८ मध्ये मोठी दुरुस्ती आणि तपासणी झाली होती, आणि त्याच सुमारास जहाजाने ब्युरो व्हेरितास सोडून रिनाचा रस्ता धरला होता. चौकशीत बॅलास्ट टाकीतला गंज आणि त्यामुळे कमजोर झालेला सांगाडा पुढे आला. खटला वर्षानुवर्षं चालला. शेवटी २०१२ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लासलाही दोषी धरलं. त्याच वर्षी अमेरिकेत मात्र ‘प्रेस्टिज’ या दुसऱ्या फुटलेल्या टँकरच्या प्रकरणात अमेरिकन ब्युरोविरुद्धचा स्पेनचा दावा न्यायालयाने फेटाळला. क्लास जबाबदार किती, याचं एकच उत्तर जगाकडे आजही नाही.

गोची मुळात अशी आहे की सर्व्हेअरची फी जहाजमालक भरतो. एका संस्थेने दहा टन प्लेट बदला म्हटलं तर मालक दुसरीकडे जाऊ शकतो. त्याला लगाम म्हणून आयएसीएसने क्लास बदलण्याचा करार केला आहे. जुन्या संस्थेकडे राहिलेली सगळी कामं आणि अटी नव्या संस्थेने आधी पूर्ण करून घ्यायच्या, जुन्या तपासण्यांचा इतिहास मागवायचा, आणि मगच आपलं प्रमाणपत्र द्यायचं. एरिकानंतर हा लगाम आणखी घट्ट झाला. माझ्या मते बुडण्याच्या रेघेइतकीच ही तरतूद मोलाची आहे, कारण मालकाची घाई आणि सर्व्हेअरचा डोळा यांच्यामध्ये ती जुन्या दप्तराची भिंत उभी करते.

आयआरएसच्या इतिहासातलं सगळ्यात वादग्रस्त पान अलीकडचं आहे आणि ते इथून वगळणं बरं दिसणार नाही. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर पश्चिमेकडच्या मोठ्या क्लास संस्थांनी रशियन जहाजांची सेवा थांबवली आणि आयएसीएसने रशियन रजिस्टरचं सदस्यत्व काढलं. क्लास नाही म्हणजे विमा नाही, विमा नाही म्हणजे तेल उतरवून घ्यायला बंदर नाही. त्या उन्हाळ्यात रशियाच्या सोव्हकॉमफ्लोट कंपनीच्या दुबईतल्या शाखेकडे असलेल्या ८० हून अधिक जहाजांना आयआरएसने प्रमाणपत्र दिल्याचं जगभर छापून आलं. टीकाकारांनी याला निर्बंधांतून काढलेली पळवाट म्हटलं. संस्थेची भूमिका तांत्रिक होती: जहाजं रशियन झेंड्याखालची नाहीत आणि नियमांत बसतात. लॉइडच्या कॉफीगृहातल्या विमेकऱ्यांना हा वाद चांगला समजला असता. पवईत बसलेल्या सर्व्हेअरच्या सहीवर दूरच्या समुद्रातलं एखादं तेलवाहू जहाज चालू शकतं किंवा थांबू शकतं, ही गोष्ट १९७५ मध्ये परकीय चलन वाचवायला निघालेल्या संस्थेच्या ध्यानीमनीही नसणार.